जुनी चिनी ताटली: झिलई, वजन की बुडाचं कडं?

नाशकात एखाद्या वाड्यातलं सामान विकायला निघालं की निळ्या नक्षीची चिनी ताटली आणि "पणजोबांच्या वेळची" हे शब्द बहुधा सोबतच येतात. बुडावरची चिनी अक्षरं तूर्त बाजूला ठेवा. कांगशी बादशहाची (१६६२–१७२२) मुद्रा १९व्या शतकाच्या अखेरीसही सर्रास उमटवली जात होती.

समजा, वीतभर रुंदीच्या दोन ताटल्या समोर आहेत, एक जुनी आणि एक नक्कल. वजन आधी उरकून टाकू. चाकावर घडवलेली भिंत बुडाशी जाड असते आणि काठाकडे पातळ होत जाते. साच्यात ओतलेली मात्र सगळीकडे सारखीच जाड, त्यामुळे काठ हाताला जड लागतो. पण आजही चाकावर नकला होतात आणि जुना मालही साच्यावर बेतलेला सापडतो. तेव्हा वजनावरून शंका घ्यावी, निकाल देऊ नये.

झिलई जास्त बोलते. सराफ वापरतात तसं दहापटीचं भिंग लावा. लाकडाच्या भट्टीतल्या जुन्या झिलईत बुडबुडे लहानमोठे, विखुरलेले दिसतात. गॅसच्या भट्टीतले बरेचदा एकसारखे. वापराचे ओरखडे ताटलीच्या मध्यभागी, वाटेल त्या दिशेने जातात. पॉलिशपेपरचे समांतर असतात. आम्लाने मारलेली चमक तर जिथे चमचा पोचूच शकत नाही अशा कोपऱ्यातही मंद दिसते. इथवर ठीक. वैताग असा, की कपाटात जपलेली खरी ताटलीही नव्यासारखी लखलखते, आणि झिलईच्या भरवशावर तीच नाकारली जाते.

म्हणून माझा कल कड्याकडे, म्हणजे बुडाखालच्या ज्या गोल कडेवर ताटली टेकते तिच्याकडे. ताटली पालथी करून झिलई संपते ती रेघ पाहा. मातीतल्या लोहामुळे भट्टीतच तिथे नारिंगी छटा येते. ती कमीजास्त असते आणि मातीत विरत जाते. नकलेत तपकिरी पाणी फासलेलं असतं. ते सगळीकडे सारखं आणि खळग्यांत साचलेलं दिसतं, ओल्या कापसाला कधी कधी लागतंही. मात्र छटा नाही म्हणून ताटली खोटी ठरवू नका, कित्येक खरी कडी पांढरीशुभ्र असतात.

मग ताटली सपाट काचेवर ठेवून कडं कुठे टेकतं ते खालून पाहा. झीज तिथेच हवी, आणि तो भाग बोटाला गुळगुळीत लागायला हवा. कड्याच्या आतल्या उतारावरही तेवढाच मळ आणि तेवढीच झीज असेल, तर ती बहुतेक हाताने आणलेली.

कड्यालाही एक पळवाट आहे. फुटलेल्या जुन्या भांड्याचं बूड नव्या अंगाला जोडतात. अंधाऱ्या खोलीत ताटलीमागे टॉर्च धरा. कड्याभोवती गोल सांधा उमटला, तर खरं कडं असूनही ताटली परत करा.