मॅप मध्येच गायब होणं आणि केबल: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या गाडीत वायरलेसची सोय नाही, फोनवरचा मॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं अँड्रॉइड ऑटो केबलनेच चालतं. रत्नागिरी-चिपळूण जाणं-येणं नेहमीचं, मध्येच गुहागरला मावशीकडे. आधीची केबल हायवेवरच्या टपरीतली होती, शंभरेक रुपयांची, चांगली दीड मीटर लांब. चार्जिंग झकास व्हायचं. पण निवळी घाटात किंवा संगमेश्वरच्या अलीकडे खड्डा आला की मॅप गायब, स्क्रीनवर गाडी कंपनीचं होम पान, आणि दहा-पंधरा सेकंदांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. ऐन फाट्यावरच हे व्हायचं, दुसरीकडे कुठे नाही, असं आमच्या हिचं ठाम मत.

दादा म्हणाला, "केबल खराब असती तर चार्जिंग झालं असतं का रे? स्क्रीनच गेलीय, सर्व्हिस सेंटरला दाखव." चार्जिंग चालू म्हणजे केबल ठीक, हा समज सगळीकडे आहे आणि गोंधळाचं मूळ तेच आहे. या केबलीत मुळात चार तारा असतात. दोन वीज नेतात, दोन डेटा. मॅपचं चित्र आणि आवाज डेटाच्या तारांवरून जातो आणि त्यांचं दुखणं चार्जिंगच्या चिन्हावर दिसत नाही.

गाडीत जाणारं चपटं जुनं टोक, म्हणजे टाईप-ए, उजेडात धरून आत बघा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन लांब आणि मधल्या दोन आखूड. लांब असतात त्या विजेच्या, आखूड डेटाच्या. हे मुद्दाम केलेलं असतं, लावताना वीज आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. त्यामुळे ढिलं टोक धक्क्याने जरासं मागे सरकलं तर आधी डेटा सुटतो आणि वीज चालूच राहते. मॅप गेला त्या क्षणी शेजारी बसलेल्याने फोनवर नजर टाकावी. चार्जिंगचं चिन्ह तसंच असेल तर डेटाची बाजू कच्ची आहे. दोन्ही एकदम गेलं तर टोक पुरतंच सुटलंय, आतली तार तुटलीय, किंवा गाडीच्या पोर्टमध्येच वीज खंडित होतेय.

पण आमच्याकडे खड्डा नसतानाही मॅप जायचा आणि त्यातली एक गोष्ट लक्षात यायला वेळ लागला. फोनची बॅटरी भरलेली असली की तासन् तास काही होत नसे. वीस टक्क्यांवर असताना लावला की हातखंबा यायच्या आत एकदा तरी तुटणार. याचं कारण तारांच्या जाडीत आहे. विजेच्या दोन तारांपैकी एक परतीची, म्हणजे ग्राउंडची, आणि डेटाचे सिग्नलही तिच्याच आधाराने मोजले जातात. बॅटरी रिकामी असली की फोन जास्त करंट ओढतो, बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि फोनकडचं ग्राउंड गाडीकडच्या ग्राउंडपेक्षा वर सरकतं.

आकड्यांत सांगायचं तर स्वस्त केबलीत बहुधा २८ गेजची तार असते. तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. दीड मीटर केबलीत एका तारेचा रोध झाला ०.३२ ओहम. फोन एक अँपिअर ओढत असेल तर ग्राउंडच ३२० मिलिव्होल्टने सरकलं. आणि डेटाचा सिग्नल केवढा असतो? साधारण ४०० मिलिव्होल्ट. मग चुका व्हायला लागतात. थोड्या चुका झाल्या तर तेच पुन्हा पाठवलं जातं, आपल्याला कळतही नाही. पण त्या वाढल्या की गाडीच्या लेखी फोन काढून घेतला गेलाय, आणि जोडणी नव्याने सुरू होते. हाच हिशेब २४ गेजच्या, म्हणजे जास्त जाड, एक मीटर तारेला लावला तर ग्राउंड सरकतं जेमतेम ८४ मिलिव्होल्ट.

चिपळूणच्या मोबाईलवाल्याकडून आता घेतलेली केबल एक मीटरची आहे, किंमत चारशेच्या घरात. घेताना मी खोक्यावरचे वॅट वाचले नाहीत. साठ वॅट, शंभर वॅट हे आकडे चार्जिंगचे, डेटाबद्दल त्यातून काही कळत नाही. केबलीच्या अंगावरची बारीक छपाई वाचली. तिथे `28AWG/1P+24AWG/2C` असं होतं. पहिला भाग डेटाची पिळलेली जोडी, दुसरा विजेच्या दोन तारा. गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड, म्हणजे विजेला २४ असणं चांगलं. अंगावर काहीच छापलेलं नसेल तर मी ती केबल घेणार नाही. गूगलचा सल्लाही एक मीटरच्या आतली केबल वापरा आणि मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन लावू नका असाच आहे. आयफोनवाल्यांनी जुन्या लाइटनिंग टोकासाठी ॲपलच्या मान्यतेचं एमएफआय चिन्ह बघावं. आयफोन १५ पासून टोक टाईप-सीच आहे.

दुकानदार दोन हजारांची थंडरबोल्ट केबल दाखवत होता. तिची काही गरज नाही. मॅपचं चित्र दाबून लहान केलेलं येतं, साध्या यूएसबी २ चा सेकंदाला ४८० मेगाबिटचा वेग त्याला भरपूर होतो. तीन तोंडांची आणि चुंबकाच्या टोकाची केबल मात्र गाडीत नकोच. पहिलीत बऱ्याचदा एकाच तोंडाला डेटा असतो, दुसरीत धक्क्याला सरकणारा आणखी एक सांधा वाढतो.

घेतल्यावर घरीच तपासायची एक सोपी रीत आहे. फोन लॅपटॉपला लावून दोन-तीन जीबीचा व्हिडिओ कॉपीला टाकायचा आणि तो चालू असताना दोन्ही टोकं हलकेच हलवत राहायचं. कॉपी मध्येच थांबली तर केबल त्याच दिवशी परत. हे फोनची बॅटरी कमी असताना करावं, नाहीतर वरची ग्राउंडची भानगड दिसणारच नाही.

पावसाळ्यात या केबलीने मॅप एकदाही मध्येच टाकला नाही असं म्हणता येणार नाही, पण जे झालं ते ऑगस्टमध्ये, आणि दोष वेगळा निघाला. आमची गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. केबल रात्रंदिवस गाडीतच लटकलेली. टोक बघितलं तर विजेच्या एका पट्टीवर काळपट-हिरवा थर. खारी दमट हवा आणि त्यात पाच व्होल्ट चालू, मग विजेची पट्टीच आधी खराब होते. स्वस्त टोकांवर सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की तो एका पावसाळ्यात जातो. या केबलीचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसला आणि निघाला. तेव्हापासून गाडी बंद केली की केबल काढून डॅशबोर्डच्या खणात.

आता फोनकडचं टाईप-सी टोक जरा ढिलं बसायला लागलं होतं. केबलीवर राग काढण्याआधी फोन बंद करून पोर्टमध्ये लाकडी टूथपिक फिरवली, तर खिशातल्या कपड्याचा भुगा आणि लाल माती मिळून घट्ट झालेली गोळी बाहेर आली. टोक पुन्हा टक् करून बसतंय.