ऑरिफिस मीटर, आठ महिन्यांनंतर: चूक भोकात की दाबात?

पाण्याच्या लाइनवर ऑरिफिस मीटर बसवून आठ महिने झाले. पाइप आतून 100 मिमी, प्लेटचं भोक 60 मिमी, म्हणजे दोन्ही व्यासांचं गुणोत्तर β = 0.6. पूर्ण प्रवाहाला डीपी, म्हणजे प्लेटच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक, 25 किलोपास्कल आणि प्रवाह ताशी साधारण 46.8 घनमीटर. मीटर मला आवडलाय, पण किती प्रवाहाला त्यावर किती विसंबायचं हे कळायला यातले बरेच महिने गेले.

सुरुवातीला माझं सगळं लक्ष भोकाच्या व्यासावर होतं, कारण सूत्रात त्याचा वर्ग आहे:

```
Q = C / √(1−β⁴) · (π/4) d² · √(2ΔP/ρ)
```

वर्ग आहे म्हणजे व्यासातली चूक दुप्पट होऊन येणार, असं मी धरलं होतं. ते थोडं कमी पडतं. β मध्येही d आहेच, त्यामुळे खरा गुणक 2/(1−β⁴), इथे 2.3. व्हर्निअरने चार दिशांनी व्यास मोजला, ±0.05 मिमी धरले. 60 मिमीवर ही चूक 0.08 टक्के होते आणि प्रवाहात 0.19 टक्के. डीपी मुळाखाली असल्याने तिची चूक उलट अर्धीच येते.

कागदावर त्यामुळे डीपी निरुपद्रवी वाटते. पण ही अर्धी चूक डीपीच्या त्या क्षणीच्या किमतीच्या टक्क्यांत मोजायची असते, आणि डीपी मोजणाऱ्या ट्रान्समीटरची चूक असते पूर्ण पल्ल्याच्या टक्क्यांत. माझा पल्ला 25 किलोपास्कल, चूक 0.2 टक्के, म्हणजे कुठेही ±0.05 किलोपास्कल. पूर्ण प्रवाहाला त्याने 0.1 टक्काच फरक पडतो. प्रवाह पाचव्या हिश्शावर आणला की डीपी पंचविसाव्या हिश्शावर येते, 1 किलोपास्कल. तेच 0.05 आता 5 टक्के झाले आणि प्रवाहातली चूक अडीच टक्के.

सगळ्या चुका वर्ग करून, बेरीज घेऊन, मूळ काढून एकत्र केल्या. डिस्चार्ज गुणांक C ची 0.5 टक्के, भोकाची 0.19, पाइपचा व्यास अर्धा मिमी चुकला तर 0.15, आणि डीपीची. पूर्ण प्रवाहाला एकूण 0.56 टक्के आलं, तिथे C चंच राज्य. पाचव्या हिश्शाला 2.56, आणि ते जवळजवळ सगळं डीपीचं.

सहाव्या महिन्यात हा हिशेब खरा कामाला आला. कमी प्रवाहावर मीटर कमी दाखवतोय अशी शंका होती, म्हणून मापाची टाकी भरून पाहिली. पूर्ण प्रवाहाला टाकीत 1560 लिटर, मीटरवर 1557. पाचव्या हिश्शाला टाकीत पुन्हा 1560, मीटरवर 1520. भोक झिजलं असतं किंवा चुकीचं मोजलं असतं तर टक्केवारी दोन्हीकडे सारखी आली असती, कारण प्लेट प्रवाह पाहून बदलत नाही. शिवाय अडीच टक्क्यांसाठी व्यासात 0.65 मिमीचा फरक लागतो, तो व्हर्निअरवर लगेच दिसला असता. चूक फक्त खालीच फुगत होती, म्हणजे डीपीचं शून्य सरकलं होतं.

मग ट्रान्समीटरला जोडलेल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या ठोकळ्यावर, दोन्ही बाजू एकमेकींना जोडणारा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडून शून्य तपासलं. बरोबर 0.00! मी इथे दोन दिवस अडकलो. ही तपासणी फक्त ट्रान्समीटरची असते. मॅनिफोल्डपासून पाइपपर्यंतच्या, दाब पोचवणाऱ्या इम्पल्स लाइन तिच्यात येतच नाहीत. शेवटी पाइप भरलेला ठेवून प्रवाह बंद केला, मॅनिफोल्ड नेहमीच्या स्थितीत ठेवला आणि ट्रान्समीटरच्या पडद्यावर पाहिलं: −0.05 किलोपास्कल. डीपी ऋण असल्याने प्रवाहाचा आकडा मात्र शून्यच होता, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. 0.05 किलोपास्कल म्हणजे पाण्याचा 5 मिमी स्तंभ. वरच्या बाजूच्या, जास्त दाबाच्या लाइनमध्ये हवेचा एक बुडबुडा अडकला होता आणि तेवढं पाणी कमी पडत होतं. ब्लीड करून हवा काढली, टाकी पुन्हा भरली, तर पाचव्या हिश्शालाही फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आला.

अनेक वाचनांची सरासरी घेऊन ही चूक गेली नसती. सरासरीने फक्त आकड्याची थरथर कमी होते. अडकलेला बुडबुडा आणि चुकीचा मोजलेला व्यास दर वाचनात एकाच बाजूला खेचतात. म्हणून हल्ली दर महिन्याला प्रवाह थांबवून शून्य लिहून ठेवतो, आणि दहाव्या हिश्शाखालचा आकडा हिशेबात धरतच नाही. तिथे डीपी 0.25 किलोपास्कल असते, तेच 0.05 तिच्या 20 टक्के होतात आणि प्रवाह साधारण 10 टक्क्यांनी इकडेतिकडे जातो. प्रवाह कायम इतका कमी असणार असेल तर लहान भोकाची प्लेट किंवा कमी पल्ल्याचा ट्रान्समीटर घ्या.