अडकलेले पैसे आपोआप परत येणार होते

बाबांनी जांभळी नाक्यावरच्या किराणा दुकानात मोबाइलवरून १,८५० रुपये भरले. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, पण दुकानदाराचा स्पीकर काही वाजला नाही. ॲपमध्ये नुसतंच ‘प्रलंबित’. बाबा रोख पैसे देऊन घरी आले.

हे ॲप पैसे द्यायला खरंच सोपं आहे. कोड स्कॅन केला, रक्कम टाकली, पिन टाकला, झालं. तक्रार मात्र कुठे करायची हे शोधताना नाकी नऊ येतात. जुन्या व्यवहारांत जा, तो व्यवहार उघडा, पार खाली सरका, तेव्हा कुठे मदतीचं बटण दिसतं. त्यावर छापील उत्तर येतं, ‘कृपया वाट पाहा’. किती दिवस, ते नाही. बोलायला माणूस नाही. म्हणून बाबांनी इंटरनेटवर ॲपचं नाव टाकून ग्राहक सेवा क्रमांक शोधला. वर आलेला नंबर भामट्याचा होता.

तो अतिशय आदबीने बोलला. ‘काका, रिफंड मंजूर झालाय, फक्त कोड टाकायचाय.’ त्याने एक यूपीआय आयडी सांगितला, त्यात ‘refund’ हा शब्द होता. मग रकमेच्या चौकोनात ‘रिफंड कोड’ म्हणून २४८१६ टाकायला लावला आणि पिन मागितला गेल्यावर ‘पडताळणीसाठी आहे’ म्हणाला. २४,८१६ रुपये गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. आणि पिनच्या पानावर वरच्या बाजूला कोणाला किती जाणार ते लिहिलेलं असतं. पण फोन स्पीकरवर ठेवून घाईघाईत ते कोण वाचतो?

मूळचे १,८५० त्याच आठवड्यात कोणी न मागता खात्यात परत आले. रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियमच आहे: दुकानदाराला पैसे पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला, तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ॲपने हे एक वाक्य त्या ‘प्रलंबित’खाली दाखवलं असतं, तर बाबांनी तो नंबर शोधलाच नसता. माझा राग आहे तो यावर.

कळल्याबरोबर आम्ही सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला. तिथे व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारतात, तो व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. फोनला जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. आमची थोडी रक्कम समोरच्या खात्यात गोठवली गेली, बाकी तोवर निघून गेली होती. ॲपने ‘पिन टाकून केलेला अधिकृत व्यवहार’ म्हणत तक्रार बंद केली. बँकेकडे लेखी तक्रार दिली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहोत, बँकेच्या पोचपावतीसकट.