बायोस पासवर्ड आणि डिस्क एन्क्रिप्शन: लॅपटॉपचे कोणते कुलूप कशाला लागते

लॅपटॉप चोरीला गेला तर त्यातील कागदपत्रे कोणाच्या हाती पडू नयेत, या हेतूने अनेक जण बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रणालीत, पासवर्ड लावतात. हल्लीच्या यंत्रांत बायोसची जागा यूईएफआयने घेतली असली तरी बोलण्यात बायोस हाच शब्द टिकून आहे आणि येथेही तोच वापरतो. हा पासवर्ड लावावा की नाही हे ठरवताना त्याची तुलना डिस्कच्या एन्क्रिप्शनशी, म्हणजे किल्लीविना वाचता येणार नाही अशा रूपात माहिती साठवण्याशी, केली पाहिजे, कारण दोन्हींकडून अपेक्षा एकच ठेवली जाते, प्रत्यक्षात मात्र दोन्ही कुलपे वेगवेगळ्या दारांना लागतात.

बायोसमध्ये साधारणपणे दोन पासवर्ड असतात. पहिला सेटअप पासवर्ड. पडद्यावर तो `Supervisor Password` किंवा `Administrator Password` अशा नावाने दिसतो. तो लावल्यावर लॅपटॉप नेहमीसारखाच सुरू होतो, पण बायोसमधील सेटिंग बदलता येत नाही; कित्येक लॅपटॉपांत पासवर्ड न देताही सेटअपचा पडदा उघडतो, परंतु सारे काही फक्त वाचता येते. दुसरा पॉवर-ऑन पासवर्ड, जो `User Password` किंवा `Power-On Password` या नावाने येतो. बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याच्या आधीच तो विचारला जातो आणि बरोबर उत्तर मिळेपर्यंत यंत्र पुढे सरकत नाही. काही यंत्रांत डिस्कचा स्वतंत्र पासवर्डही असतो. तो मदरबोर्डवर न राहता डिस्कवरच राहतो, त्यामुळे डिस्क काढून नेली तरी तिच्याबरोबर जातो. मात्र तो विसरला तर बहुतेक वेळा डिस्कमधील माहिती गेली असेच धरावे लागते.

पॉवर-ऑन पासवर्ड पाहणाऱ्याला फार भक्कम वाटतो, म्हणून तो कुठवर पुरतो हे मी एका जुन्या लॅपटॉपवर करून पाहिले. त्यात एन्क्रिप्शन नव्हते. दोन्ही पासवर्ड लावले, यंत्र बंद केले, खालचे झाकण उघडले आणि एका स्क्रूने बसवलेली एम-डॉट-टू एसएसडी बाहेर काढली. ती यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडली, तेव्हा ती एखाद्या पेनड्राइव्हसारखी उघडली आणि डेस्कटॉप, डाउनलोड, छायाचित्रे असे सगळे फोल्डर समोर आले. लिनक्सवर तर वापरकर्त्याच्या फोल्डरची परवानगीदेखील आड आली नाही. बायोसच्या पासवर्डशी या साऱ्याचा कुठेच संबंध आला नाही, कारण तो पासवर्ड मदरबोर्डला ठाऊक असतो, डिस्कला नसतो. विंडोजच्या लॉगिन पासवर्डचेही असेच आहे. तो विंडोज चालू असतानाच पहारा देतो.

नंतर त्याच डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे एन्क्रिप्शन चालू केले, एन्क्रिप्शन पूर्ण होऊ दिले आणि हीच कृती पुन्हा केली. या वेळी दुसऱ्या संगणकाने डिस्क ओळखली, पण आत शिरण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. चोरी किंवा हरवणे हीच मुख्य चिंता असेल, तर निवडीचा प्रश्न येथेच सुटतो: आधी एन्क्रिप्शन, मग बाकीचे.

तुमच्या यंत्रावर एन्क्रिप्शन खरोखर चालू आहे का, हे गृहीत धरू नये. विंडोजवर प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पहिली ओळ द्यावी, लिनक्सवर दुसरी.

```
manage-bde -status C:
lsblk -f
```

पहिल्या कमांडच्या उत्तरात `Protection Status` समोर `Protection On` दिसले पाहिजे. कधीकधी डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते आणि तरीही तेथे `Protection Off` असते. याचा अर्थ किल्ली डिस्कवरच उघडी पडलेली आहे, म्हणजे कुलूप आहे पण किल्ली त्यालाच लटकत आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले नसेल तर अशी स्थिती राहू शकते. लिनक्सवर डिस्कच्या विभागासमोर `crypto_LUKS` असे लिहिलेले असावे.

मग सेटअप पासवर्डचे काम काय? एन्क्रिप्शन नसलेल्या लॅपटॉपवर कोणीही पेनड्राइव्ह लावून त्यावरची दुसरी प्रणाली सुरू करू शकतो आणि स्क्रूड्रायव्हर हातात न घेता काही मिनिटांत फायली नक्कल करून घेऊ शकतो. सेटअप पासवर्ड लावून बाहेरच्या साधनावरून बूट करणे बंद ठेवले, तर हा सोपा मार्ग बंद होतो आणि झाकण उघडण्याचा वेळखाऊ मार्गच उरतो. दुसऱ्याच्या टेबलावर अर्धा तास सोडलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. एन्क्रिप्शन असलेल्या लॅपटॉपवर याच पासवर्डमुळे `Secure Boot`, म्हणजे सुरू होताना केवळ खात्रीच्याच प्रणालीला चालू देणारे सेटिंग, बंद करून बूटच्या फायलींत फेरफार करणे अवघड होते. लिनक्सवर याला विशेष अर्थ आहे, कारण प्रचलित मांडणीत `/boot` हा विभाग एन्क्रिप्ट केलेला नसतो आणि पासवर्ड विचारणारी प्राथमिक प्रणाली तेथेच असते. ती बदलून टाकणाऱ्याला तुमचा पुढचा पासवर्ड टिपता येतो. डिस्क बाहेर काढूनही हे करता येते, तेव्हा सेटअप पासवर्ड हा पूर्ण बंदोबस्त नाही; तो हल्ल्याचा वेळ वाढवतो, इतकेच त्याचे काम आहे आणि ते उपयोगाचे आहे.

आणखी एक कारण मला स्वतःला महत्त्वाचे वाटते. तुम्ही सेटअप पासवर्ड लावला नसेल, तर दुसरा कोणीही तुमच्या लॅपटॉपवर स्वतःचा पासवर्ड लावून तुम्हालाच बायोसबाहेर ठेवू शकतो.

लावल्यावर मात्र तपासणी करावी. यंत्र पूर्ण बंद करून पेनड्राइव्ह लावावा आणि बूट मेनूची कळ दाबावी. ती बनावटीप्रमाणे `F12`, `F9` किंवा `Esc` असते. पासवर्ड न विचारता मेनू उघडला आणि पेनड्राइव्हवरून प्रणाली सुरू झाली, तर सेटअप पासवर्ड असूनही हे दार उघडेच आहे आणि बायोसमधील यूएसबी बूट किंवा बूट मेनूचे सेटिंग स्वतंत्रपणे बंद करावे लागेल. बहुतेक माणसे येथेच फसतात, कारण पासवर्ड लावल्याचा संदेश वाचून ते समाधानाने बाहेर पडतात.

पॉवर-ऑन पासवर्डबद्दल माझे मत सहसा प्रतिकूल असते, तरी एक परिस्थिती अशी आहे की तेथे तो मी लावीन. बिटलॉकरची किल्ली सामान्यतः मदरबोर्डवरील टीपीएम या चिपमध्ये असते आणि यंत्र सुरू होताच ती काहीही न विचारता दिली जाते. म्हणजे चोराने डिस्क काढली नाही, लॅपटॉप तसाच सुरू केला, तर विंडोज लॉगिनच्या पडद्यापर्यंत डिस्क उघडलेलीच असते आणि किल्ली मेमरीत येऊन बसते. यावर योग्य उपाय म्हणजे बिटलॉकरचा स्टार्टअप पिन, कारण पिन बरोबर असल्याशिवाय टीपीएम किल्लीच सोडत नाही आणि चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादाही घालते. पण होम आवृत्तीत हा पिन लावण्याची सोय मिळत नाही. तेथे पॉवर-ऑन पासवर्ड त्याची कमी अंशतः भरून काढतो: डिस्क काढली तर एन्क्रिप्शन आडवे येते आणि डिस्क न काढता सुरू केले तर बायोस आडवा येतो. मदरबोर्डवरील चिप पुन्हा लिहू शकणाऱ्या जाणकारापुढे मात्र हा अडसर टिकत नाही. ज्यांच्याकडे प्रो आवृत्ती आहे किंवा जे लिनक्सवर डिस्कचा पासवर्ड सुरुवातीलाच देतात, त्यांना पॉवर-ऑन पासवर्ड ही केवळ दुसऱ्यांदा टंकण्याची कटकट ठरते.

शिवाय झाकण बंद करून झोपवलेल्या लॅपटॉपला या पासवर्डचा लाभ सहसा मिळत नाही. यंत्र जागे झाल्यावर बायोस पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही, त्यामुळे तो पासवर्ड विचारत नाही आणि डिस्कची किल्ली सर्व वेळ मेमरीत असते. प्रवासात लॅपटॉप पूर्ण बंद करावा किंवा हायबरनेट करावा.

विसरण्याचा धोका दोन्ही बाजूंना आहे, पण त्याचे स्वरूप वेगळे आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये बायोसचे सेटिंग बटणासारख्या लहान बॅटरीवर टिकत असे आणि ती काढली की पासवर्डही जात असे. लॅपटॉपवर हा उपाय करणाऱ्याला तारीख आणि वेळ मागे गेलेली दिसते, पण पासवर्ड तसाच राहतो, कारण तो बॅटरीविना टिकणाऱ्या चिपमध्ये लिहिलेला असतो. काही जुन्या लॅपटॉपांत तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर पडद्यावर एक संकेतांक दिसतो आणि त्यावरून पासवर्ड काढून देणारी साधने इंटरनेटवर फिरतात. असा लॅपटॉप असेल तर बायोस पासवर्डवर भिस्त ठेवू नये. अन्य बनावटींत खरेदीचा पुरावा घेऊन उत्पादकाकडे जावे लागते आणि काहींच्या बाबतीत मदरबोर्ड बदलण्यावाचून इलाज नसतो. येथे एक साखळी लक्षात घ्यावी: मदरबोर्ड बदलला की टीपीएम चिप बदलते, जुनी किल्ली तिच्याबरोबर जाते आणि बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. बायोसचा पासवर्ड विसरला आणि रिकव्हरी कीही जवळ नसली, तर एका विसराळूपणात यंत्र आणि माहिती दोन्ही जाऊ शकतात.

म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम रिकव्हरी की कागदावर उतरवून लॅपटॉपपासून वेगळ्या ठिकाणी ठेवावी, मग एन्क्रिप्शन चालू असल्याची खात्री करावी आणि शेवटी सेटअप पासवर्ड लावावा. पासवर्ड निवडताना इंग्रजी अक्षरे आणि अंक यांपलीकडे जाऊ नये, कारण बायोस बहुधा अमेरिकी कीबोर्डची मांडणी धरून चालतो आणि विंडोजमध्ये बरोबर टंकलेले विशेष चिन्ह तेथे भलतेच निघू शकते. कमाल लांबीही बनावटीनुसार वेगळी असते, तेव्हा लावून झाल्यावर लगेच यंत्र बंद करून एकदा पुन्हा बायोस उघडून पाहावा. विंडोजवरून थेट बायोसमध्ये जाण्यासाठी प्रशासकाच्या अधिकाराने ही कमांड पुरते.

```
shutdown /r /fw /t 0
```

पासवर्ड विचारला गेला आणि तो पहिल्याच प्रयत्नात स्वीकारला गेला, तर तो रिकव्हरी कीच्याच कागदावर, लॅपटॉपचा अनुक्रमांक लिहून, नोंदवून ठेवावा.