अस्थी विमानाने नेण्याची ‘परवानगी’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

माझे मामा डिचोली तालुक्यातल्या त्यांच्या गावीच, घरी वारले. आपल्या अस्थी काशीला गंगेत सोडाव्यात असं ते बरीच वर्षं सांगत होते. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या आणि दहाव्याच्या आत काशी गाठायचं ठरलं. मामेभाऊ मस्कतला नोकरीला आहे, त्याची रजा मोजकी. त्याने दाबोळीहून मुंबईमार्गे वाराणसीची तिकिटं काढली आणि अस्थी विमानात कशा न्यायच्या याची माहिती मोबाईलवर शोधली. सगळ्यात वर एक जाहिरात आली, त्यात फोन नंबर होता.

पलीकडचा माणूस शुद्ध मराठीत, अगदी हळुवार बोलत होता. “साहेब, तुम्ही दुःखात आहात, धावपळ करू नका, सगळं आमच्यावर सोपवा.” त्याने तिकिटाचा पीएनआर, भावाचं आधार कार्ड आणि डॉक्टरांचा दाखला व्हॉट्सअॅपवर मागून घेतला. विमान कंपनीच्या परवानगीचे ३,५०० रुपये सांगितले. ते भरल्यावर तासाभरात शिक्का मारलेलं पत्र आलं. घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं.

संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन. दाबोळीचा विमानतळ नौदलाचा आहे, तेव्हा नौदलाची एनओसी लागेल, तिचे ६,००० रुपये. आता यात अर्धी गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच ती गोव्याच्या माणसाला पटते. दाबोळीची धावपट्टी नौदलाच्या आयएनएस हंसा या तळाची आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण प्रवासी टर्मिनल नागरी आहे. तिथून जाणाऱ्या प्रवाशाला नौदलाकडून कसलाही कागद आणावा लागत नाही, अस्थी बरोबर असल्या तरी नाही. खऱ्या माहितीला खोटी फी जोडायची, ही त्याची पद्धत होती.

मग कलश आला. “विमानतळाला मान्य असलेला, सीलबंद तांब्याचा कलश” म्हणून ४,२०० रुपये घेतले. म्हापशाच्या बसस्टँडवर एक पोरगा तो देऊन गेला. झाकण लाखेने बंद करून घ्या, कुठेही उघडू देऊ नका, असंही बजावलं. आणि प्रवासाच्या आदल्या रात्री १५,००० रुपयांची अनामत मागितली, वाराणसीला उतरताच परत मिळणारी. मामी खोलीत रडत बसल्या होत्या, दारात पाहुणे, सकाळी निघायचं. भावाने तेही भरले. एकूण २८,७०० रुपये गेले, सगळे यूपीआयने, दर वेळी वेगळ्याच व्यक्तीच्या नावावर.

मी त्यांना गाडीने दाबोळीला सोडायला गेलो होतो. आत गेल्यावर काही वेळातच भावाचा फोन आला. काउंटरवरच्या बाईंनी ते पत्र पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की असं पत्र आमची कंपनी देतच नाही. पत्रावर पीएनआर नव्हता, उड्डाणाचा क्रमांक नव्हता, नुसतं नाव आणि मोठा गोल शिक्का. त्यांनी दोन कागद मागितले: मृत्यूचा दाखला आणि अंत्यसंस्कार झाल्याचा दाखला. पहिला पंचायतीने दिलेला होता, अस्सल. दुसरा नव्हताच, कारण त्या माणसाने सांगितलं होतं की आमच्या एनओसीत सगळं येतं.

हा दुसरा कागद गावात सहज हाती येत नाही, इथे जरा थांबून सांगतो. शहराच्या स्मशानभूमीत नोंदवही असते, पावती मिळते. गावच्या स्मशानात लाकडं आपणच नेतो, तिथे कार्यालय नाही, पावती देणारं कोणी नाही. अशा वेळी अमुक तारखेला अमुक ठिकाणी दहन झालं, असं पत्र पंचायतीकडून किंवा स्मशानाची व्यवस्था पाहणाऱ्या समितीकडून शिक्क्यासह घ्यावं लागतं. मृत्यूची नोंद करायला पंचायतीत जाल तेव्हाच ते मागून घ्या. आमच्या पंचायतीच्या सचिवांनी त्या सकाळी फोन येताच लेटरहेडवर लिहून, सही-शिक्का करून फोटो पाठवला. काउंटरवरच्या बाईंनी वरिष्ठांना विचारून तो चालवून घेतला. दर वेळी चालेलच असं नाही.

विमान कंपनीची परवानगी मात्र तिथल्या तिथेच झाली, तीही फुकट. त्यांनी पीएनआर उघडून तिकिटावर अस्थी बरोबर असल्याची नोंद घातली. हेच काम तिकीट काढल्यावर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून आधी करता येतं. काही कंपन्या कागदपत्रं ईमेलने मागवतात. अस्थी हातातल्या सामानात न्यायच्या की चेक-इनमध्ये, याचा नियम कंपनीगणिक वेगळा आहे, तो तेव्हाच विचारून घ्यावा. पण नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तिकिटावरून घ्या, जाहिरातीतला नको.

यानंतरही सुटका नव्हती. सुरक्षा तपासणीत तांब्याचा कलश एक्स-रेमध्ये नुसता काळा गोळा दिसला. जाड धातूच्या आत काय आहे ते यंत्राला कळत नाही. जवानांनी कलशाला हात लावला नाही, आदराने वागले, पण आत काय ते दिसल्याशिवाय सोडता येणार नाही म्हणाले. भाऊ कलश घेऊन परत बाहेर आला. माझ्या गाडीत एक स्वच्छ, रिकामा प्लास्टिकचा डबा होता. आम्ही लाख फोडली, पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या अस्थी तशाच उचलून डब्यात ठेवल्या. डबा एक्स-रेतून सरळ गेला. ज्या वस्तूचे ४,२०० रुपये घेतले तीच वस्तू आम्हाला अडवत होती, याचा मला अजून संताप येतो. लाकडी पेटी, मातीचं मडकं किंवा प्लास्टिकचा डबा घ्या, झाकण घट्ट बसेल असं बघा.

मृत्यूच्या दाखल्याबद्दलही एक सांगायला हवं, कारण त्या माणसाने आम्हाला “दोन तासांत ऑनलाइन दाखला” देऊ केला होता. मामींनी पंचायतीत आधीच नोंद केली होती म्हणून तो नाकारला गेला. २०२३ मध्ये सुधारलेल्या कायद्याप्रमाणे नोंदणी पूर्ण झाल्यावर सात दिवसांच्या आत निबंधकाने दाखला विनामूल्य द्यायचा असतो. दाखल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर जो पत्ता उघडतो, त्यातलं https:// नंतरचं आणि पुढच्या तिरक्या रेषेआधीचं संकेतस्थळाचं नाव crsorgi.gov.in ने संपतं का ते पाहा. तसंच दिसणारं पण gov.in च्या पुढे आणखी काही जोडून .in किंवा .com ने संपणारं नाव असलं, तर तो दाखला बनावट समजा.

मुंबईला विमान बदलताना भावाने १९३० वर फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. आदल्या रात्रीची अनामत पुढच्या खात्यात अजून शिल्लक होती, ती बँकेने गोठवली. आधीचे पैसे त्याच दिवशी काढले गेले होते. अस्थिविसर्जन वेळेत झालं.

आठवड्याने भावाला एका “सायबर अधिकाऱ्याचा” फोन आला. त्याच्याकडे पीएनआर, आधार क्रमांक, मामांचं नाव, सगळं होतं. गोठवलेले पैसे सोडवायला २,००० रुपये प्रक्रिया शुल्क भरा म्हणाला. भावाने फोन ठेवला आणि तो नंबरही तक्रारीत जोडला. तुमच्या घरी असं काही झालं असेल, तर हा दुसरा फोन येणार हे धरूनच चाला.