पन्नास लाखांच्या उंबरठ्यावर: दीड लाखाची पावती मार्चमध्ये की एप्रिलमध्ये?

मार्चअखेर जवळ आली की जळगाव, भुसावळ, चाळीसगावच्या सी.ए.कडे एक प्रश्न हमखास येतो. हिशेब पन्नास लाखांच्या आसपास आलाय, काही पैसे येणं बाकी आहे, ते या वर्षी घ्यावे की पुढच्या? उत्तर ठरतं ते पन्नास लाखांपासून आपण नेमके किती अंतरावर उभे आहोत यावर.

आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे, नव्या करपद्धतीचे आणि व्यक्तीसाठीचे आहेत. चाळीसगावच्या एका डॉक्टरांचा खर्च वजा जाता नफा बरोबर 50,00,000 रुपये झालाय असं धरू. एका रुग्णालयाकडून 1,50,000 रुपये यायचे आहेत. दुसरं उत्पन्न नाही.

पन्नास लाखांवरचा मूळ कर 10,80,000 होतो. सरचार्ज शून्य, कारण तो एकूण उत्पन्न पन्नास लाखांच्या वर गेल्यावरच लागतो. चार टक्के सेस धरून 11,23,200 भरायचे.

दीड लाख याच वर्षी आले तर उत्पन्न 51,50,000 होतं आणि मूळ कर 11,25,000. आता दहा टक्के सरचार्ज लागतो आणि तो फक्त वरच्या दीड लाखावर नाही, सगळ्या करावर लागतो: 1,12,500. बेरीज 12,37,500. म्हणजे दीड लाख जास्त कमावले आणि कर 1,57,500 ने वाढला. हे होऊ नये म्हणून मार्जिनल रिलीफ आहे. पन्नास लाखांवरच्या करात जेवढं उत्पन्न वर गेलं तेवढेच रुपये मिळवायचे, कर आणि सरचार्ज मिळून त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. 10,80,000 अधिक 1,50,000, म्हणजे 12,30,000. सवलत मिळाली 7,500 ची, सरचार्ज उरला 1,05,000.

बरेच लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, चला, निदान घरातून तर काही गेलं नाही. पण सेस अजून लावायचाय. तो सवलतीनंतरच्या 12,30,000 वर लागतो, 49,200. एकूण 12,79,200. पन्नास लाखांच्या तुलनेत 1,56,000 जास्त. दीड लाख मिळाले आणि वर सहा हजार खिशातून गेले. सवलतीचा हिशेब सेसच्या आधी होतो, त्यामुळे या पट्ट्यात दर जादा शंभर रुपयांवर 104 रुपये जातात. कायद्याची रचनाच तशी आहे, सी.ए.ची चूक नव्हे.

| एकूण उत्पन्न | सवलतीनंतरचा सरचार्ज | सेससह एकूण कर | हातात |
|---|---|---|---|
| 50,00,000 | 0 | 11,23,200 | 38,76,800 |
| 51,00,000 | 70,000 | 12,27,200 | 38,72,800 |
| 51,50,000 | 1,05,000 | 12,79,200 | 38,70,800 |
| 53,00,000 | 1,17,000 | 13,38,480 | 39,61,520 |

सवलत साधारण 51,61,194 रुपयांपर्यंत मिळते. त्यापुढे पूर्ण दहा टक्के सरचार्ज त्या सवलतीच्या मर्यादेत बसतो. पण पन्नास लाखांवर हातात जेवढे उरत होते तेवढे पुन्हा उरायला उत्पन्न 51,71,000 च्या आसपास जावं लागतं. पन्नास लाख आणि हा आकडा यांच्या मधला पट्टा म्हणजे फुकटची मेहनत. त्याच्या पुढे गेलं की जादा शंभरावर 34.32 रुपये जातात, सरचार्ज नसताना 31.20 गेले असते.

आता एप्रिलची बाजू. तेच दीड लाख पुढच्या वर्षात गेले, ते वर्ष पन्नास लाखांच्या आत राहिलं आणि दर हेच असले, तर त्यावर 46,800 कर. मार्चच्या तुलनेत 1,09,200 वाचले. मात्र पुढचं वर्षही याच पट्ट्यात येणार असेल, तर कटकट फक्त एक वर्ष पुढे ढकलली. आणि यंदाचं उत्पन्न आधीच 55 लाख असेल तर दीड लाख इकडून तिकडे करण्यात जीव नाही: फरक शेकडा 3.12 रुपयांचा, म्हणजे 4,680. त्यासाठी रुग्णालयाशी बोलणी करत बसू नये.

पुढे ढकलणं सगळ्यांना जमत नाही. डॉक्टर, वकिलांसारखे व्यावसायिक रोख पद्धतीने वही ठेवत असतील, तर पैसे मिळतील तेव्हा उत्पन्न धरलं जातं. जमा-खर्च देय पद्धतीने लिहिणाऱ्याचं बिल मार्चमध्ये झालं की उत्पन्न मार्चचंच, पैसे कधीही येवोत. रोख पद्धतीतही मार्चमध्ये हातात पडलेला चेक एप्रिलमध्ये बँकेत टाकला म्हणून एप्रिलचा होत नाही. वर्षागणिक पद्धत बदलायलाही परवानगी नाही.

घोटाळा होतो तो टीडीएसवर. रुग्णालयाने 31 मार्चला रक्कम आपल्या वहीत जमा दाखवून दहा टक्के, म्हणजे 15,000 कापले की ते यंदाच्या 26AS मध्ये दिसतात, जरी पैसे एप्रिलमध्ये आले. मग डॉक्टर टीडीएस यंदा मागतात, उत्पन्न दाखवत नाहीत आणि विभागाकडून विसंगतीची विचारणा येते. उत्पन्न ज्या वर्षी दाखवायचं त्याच वर्षी त्याचा टीडीएस मागायचा, हा नियम. रिटर्नच्या टीडीएस तक्त्यात पुढच्या वर्षी नेण्याचा रकाना आहे, ते 15,000 तिथे टाकायचे. पुढच्या वर्षी तिथूनच मागायचे.

रावेर, यावलकडे केळीचा मळा असलेल्यांसाठी एक गोष्ट. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे पन्नास लाखांची रेषा ओलांडली का, हे पाहताना ते धरत नाहीत. पण कराचा दर काढताना ते मिळवलं जातं. डॉक्टरांचं 50,00,000 आणि शेतीचं 5,00,000 असेल तर 55 लाखांवरच्या 12,30,000 करातून शेती अधिक चार लाखांची मूळ सूट, म्हणजे नऊ लाखांवरचा 30,000 कर वजा होतो. मूळ कर 10,80,000 ऐवजी 12,00,000 पडतो. सरचार्ज अजून नाही, पण रेषा ओलांडली की तो या मोठ्या करावर बसणार.

सवलत बरोबर धरलीय का, हे रिटर्नच्या Part B-TTI मध्ये दिसतं. सवलतीआधीचा आणि नंतरचा सरचार्ज तिथे वेगळा येतो. आपल्या डॉक्टरांच्या बाबतीत 1,12,500 आणि 1,05,000. हातच्या एक्सेल शीटमध्ये सेस आधी मिळवून मग तुलना केलेली असेल तर कर 12,73,200 येतो, सहा हजार कमी, आणि नंतर मागणीची नोटीस येते.

एक कोटीच्या रेषेवर गणित तेच, फक्त तिथे दर दहावरून पंधरा टक्के होतो आणि तुलनेचा आकडा काढताना एक कोटीवरच्या करात दहा टक्के सरचार्ज मिळवूनच घ्यायचा. 25,80,000 नव्हे, 28,38,000. तो विसरला की सवलत खरीपेक्षा जास्त दिसते. तिथला सवलतीचा पट्टा साधारण 1,01,96,900 पर्यंत जातो.