शीर्षकात इमोजी, '&' की साधा शब्द? चकलीच्या एका पानावरून केलेली निवड

मावशीच्या पाककृतींच्या साइटवर दिवाळीआधी चकलीचं पान चढवायचं होतं. शीर्षकावरून आमचं एकमत होईना. तिच्या मनात पहिलं होतं, माझ्या मनात दुसरं:

```html
<title>🪔चकली|खुसखुशीत &amp; काटेरी|भाजणीसह</title>
<title>भाजणीची चकली - खुसखुशीत व काटेरी, प्रमाणासह</title>
```

आधी इमोजीचं बघू. गूगलचे जॉन म्यूलर यांनी सांगितलेलं आहे की शीर्षकातल्या इमोजीमुळे शोधनिकालातला पानाचा क्रमांक वर चढत नाही आणि खालीही जात नाही. म्हणजे प्रश्न फक्त दिसण्याचा राहतो, आणि तिथे भरवसा नाही. गूगल कधी इमोजी दाखवतं, कधी गाळून टाकतं. दाखवलाच, तरी चित्र येतं ते वाचणाऱ्याच्या फोनमधल्या फॉन्टमधून. पणतीचा हा इमोजी 2019 साली युनिकोडमध्ये आला. त्याआधीच्या आणि नंतर अपडेट न झालेल्या फोनवर पणतीच्या जागी रिकामी चौकट दिसते. काकांच्या जुन्या फोनवर तेच झालं: आधी चौकट, मग 'चकली'. सणाची शोभा म्हणून घातलेलं चिन्ह बिघाडासारखं दिसत होतं. तरीही इमोजी हवाच असेल तर तो शेवटी ठेवा आणि शब्दाच्या जागी कधीही वापरू नका. '🪔 फराळ' असं लिहिलं आणि पणती गळली, तर 'दिवाळी' हा शब्द शीर्षकात उरतच नाही.

'&' मात्र निरुपद्रवी आहे. गूगल तो नीट दाखवतं. इंग्रजीत 'and' च्या तीन अक्षरांऐवजी एकच चिन्ह पुरतं म्हणून लोक तो वापरतात, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण शीर्षक अक्षरं मोजून कापलं जात नाही, पडद्यावरच्या रुंदीनुसार कापलं जातं. पण मराठीत आपल्याकडे 'व' आहे. तो जवळपास तेवढीच जागा घेतो आणि वाचताना जीभ अडखळत नाही. त्यामुळे मराठी शीर्षकात '&' घालून वाचत काहीच नाही. कंपनीच्या किंवा दुकानाच्या नावातच तो असेल तर अर्थातच तसाच ठेवावा.

त्याच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. एचटीएमएलमध्ये `&` हा `&amp;` असा लिहितात. आपण तसा लिहिला आणि साइटच्या सॉफ्टवेअरने तो पुन्हा एकदा बदलला, तर पानात `&amp;amp;` जातं आणि शोधनिकालात 'खुसखुशीत &amp;amp; काटेरी' मधलं एक `amp;` उरून 'खुसखुशीत &amp; काटेरी' असं उघडं दिसतं. पानाचा सोर्स उघडून `<title>` ची ओळ वाचली की हे लगेच कळतं.

उभ्या रेघेबद्दल थोडक्यात. देवनागरीला चिकटली की ती काना वाटते. 'चकली|खुसखुशीत' लहान पडद्यावर वाचून बघा. शिवाय गूगल पुष्कळदा स्वतःच तिच्या जागी आडवी रेघ घालतं. मग आपणच दोन्हीकडे जागा सोडून आडवी रेघ घातलेली बरी.

आता ज्याने मला खरंच दोन दिवस छळलं ते सांगतो. इमोजीचा वाद मिटल्यावर आम्ही शीर्षकांमधली 'विशेष चिन्हं' एकदम काढणारं एक प्लगिन चालवलं. इमोजी गेले, पण 'तिखटमिठाच्या पुऱ्या' या पानाचं शीर्षक 'पुर्या' झालं. कारण असं की संगणकावर काही इमोजी जोडून बनतात. स्वयंपाकिणीचा 👩‍🍳 म्हणजे बाई आणि तवा, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह, `U+200D`. काही मराठी कीबोर्ड 'ऱ्या' मधला अर्धा र लिहायला नेमकं हेच चिन्ह वापरतात. प्लगिनने ते कचरा समजून काढलं आणि 'र्‍या' चा 'र्या' झाला. विशेष म्हणजे 'दऱ्या' हा शब्द असलेलं दुसरं शीर्षक शाबूत राहिलं होतं, कारण ते दुसऱ्या कीबोर्डवर `U+0931` म्हणजे 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरून लिहिलेलं होतं. त्यात जोडचिन्हाची गरज लागत नाही.

म्हणून इमोजी काढायचे असतील तर हाताने काढा. प्लगिन चालवायचंच असेल तर आधी शीर्षकांची प्रत ठेवा आणि नंतर पुऱ्या, सुऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर असे शब्द शोधून तपासा. आम्ही बिघडलेली शीर्षकं 'ऱ' ने पुन्हा लिहिली आणि सर्च कन्सोलमध्ये त्या पानांची पुन्हा तपासणी मागितली.

मावशीची पणती आता पानाच्या आत, चकलीच्या फोटोखाली आहे. शीर्षकात 'व' आहे.